पहिल्या वर्गातले दोन शब्द : आसन आणि प्राणायाम

«मी ४७ वर्षांची गृहिणी आहे, चाळीसगावला राहते. रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी घेते आणि गुडघे अधूनमधून दुखतात. मैत्रिणीच्या आग्रहामुळे सोमवारी पहिल्यांदा योगवर्गाला गेले. सरांनी सुखासनात बसायला सांगितले, पण दोनच मिनिटांत माझे पाय आखडले आणि पाठीला पोक आला. मग पुढे वाकायची आसने झाली. बाकीच्यांचे कपाळ गुडघ्याला लागत होते, माझे हात पोटऱ्यांच्या पुढे गेले नाहीत. शेवटी ‘आता प्राणायाम’ म्हणून कपालभातीचे साठ स्ट्रोक घ्यायला लावले. माझे डोके हलके झाले, बोटांना मुंग्या आल्या. शेजारच्या ताई म्हणाल्या, प्राण जागा होतोय, चांगले लक्षण आहे. पूरक, रेचक, कुंभक हे शब्द कानावरून गेले, विचारायची लाज वाटली. आसन आणि प्राणायाम म्हणजे नेमके काय? माझ्या शरीराला हे झेपणार आहे, की नुसते चालायला जावे? गुरुवारी पुन्हा वर्ग आहे.»
— एक वाचक, चाळीसगाव

ताई, तुम्ही शब्दांचा अर्थ विचारलात हे फार बरे केलेत, कारण सोमवारी तुम्हाला जो त्रास झाला त्याचे मूळ बऱ्याच अंशी त्या अर्थांतच आहे. तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेले दिसते, ते असे की आसन म्हणजे शरीर वाकवण्याची कसरत आणि कपाळ गुडघ्याला लागले की ती साधली. वर्गात सगळ्यांकडे पाहून कोणाचाही तसा समज होईल. पण हा शब्द आपण मराठीत रोज वापरतो, तेव्हा त्याचा अर्थ अगदी वेगळा असतो. एसटीत आसन क्रमांक लिहिलेला असतो, पूजेला बसताना आपण आसन घालतो, सभेत पाहुण्यांना आसन ग्रहण करायला सांगतात. संस्कृतात ‘आस्’ या धातूचा अर्थ बसणे. उपासना म्हणजे जवळ बसणे, उदासीन म्हणजे अलिप्त बसलेला, आणि आसन म्हणजे बसणे, बसण्याची रीत किंवा बसण्याची जागा. उभे राहून किंवा पोटावर झोपून करायच्या स्थितींनाही पुढे आसनच म्हणू लागले, पण शब्दाच्या मुळाशी बैठक आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाची व्याख्या तीन शब्दांत बसवता येईल इतकी लहान आहे : ‘स्थिरसुखमासनम्’. जे स्थिर आहे आणि सुखाचे आहे ते आसन. या व्याख्येत वाकण्याचा, ताणण्याचा किंवा कपाळ गुडघ्याला लावण्याचा उल्लेख नाही. लगेच पुढच्या सूत्रात ते कसे साधायचे हे सांगितले आहे, आणि तिथला पहिला उपाय आहे ‘प्रयत्नशैथिल्य’, म्हणजे प्रयत्न सैल सोडणे. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या हठप्रदीपिकेत मोरासारखी, कासवासारखी, धनुष्यासारखी अनेक आसने आली, आणि तिथेही आसनाचा लाभ म्हणून स्थैर्य, आरोग्य आणि अंगाचा हलकेपणा हेच सांगितले आहे. म्हणून तुमचे हात पोटऱ्यांपर्यंतच गेले तरी तिथे श्वास न अडकता, चेहरा न आक्रसता तुम्ही अर्धा मिनिट थांबू शकलात, तर तुमचे आसन झाले. शेजारच्या बाईंचे कपाळ गुडघ्याला टेकले, पण त्यासाठी त्यांनी झोके दिले आणि दम कोंडला असेल, तर व्याख्येप्रमाणे त्यांचे आसन अजून व्हायचे आहे.

तुम्ही उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या थापायला बसल्या असाल, किंवा कोणाला खापरावर मांडे करताना पाहिले असेल. चुलीजवळ बसलेली अनुभवी बाई तासन्‌तास बसते. तिचे हात सतत चालतात, पण कंबर ढळत नाही, खांदे कानाकडे चढत नाहीत, मध्येच गप्पाही चालू असतात. बसणे तिला इतके सवयीचे झालेले असते की आपण बसलो आहोत याकडे तिचे लक्षच जात नाही. स्थिर आणि सुख हे दोन शब्द एकत्र का आले आहेत ते मला अशा बाईकडे पाहिल्यावर अधिक नीट कळते.

आता तुमच्या सुखासनाकडे येऊ, कारण तिथेच सगळे बिघडले. मांडी घातल्यावर तुमचे गुडघे कमरेच्या खुब्यांपेक्षा वर राहत असतील, तर कटीचे हाड मागे झुकते. ते मागे झुकले की पाठीचा खालचा भाग गोल होतो, त्याला सावरण्यासाठी पाठीचे स्नायू सतत ओढत राहतात आणि पोट आत दुमडले जाते. दोन मिनिटांत पाठीला पोक येण्याचे कारण बहुधा हे आहे, त्यात तुमचा दोष काहीच नाही. वर्षानुवर्षे खुर्ची, सोफा आणि उंच ओटा यांवर वावरणाऱ्या शरीराचे खुबे आखडलेले असतात, आणि मग जमीन फार खाली पडते. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसणाऱ्याचे आसन फार उंच नको आणि फार खाली नको असे सांगितले आहे, ते मला नेहमी फार व्यवहारी वाटत आले आहे.

गुरुवारी घरून एक जाड सतरंजी किंवा घोंगडी घेऊन जा. तिची घडी सुमारे चार बोटे उंच होईल इतकी करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा, पूर्ण मध्यभागी नको. पाय मात्र जमिनीवर, घडीच्या पुढे. आता आरशात पाहण्याची गरज नाही, नुसते हात लावून पाहा : गुडघे खुब्यांच्या बरोबरीने किंवा थोडे खाली आले आहेत का? आले नसतील तर आणखी एक घडी घाला. गुडघे अधांतरी लोंबत असतील, तर त्यांच्याखाली दुमडलेला टॉवेल सरकवा. एवढे करूनही गुडघ्याच्या आत दुखत असेल, तर मांडीचा हट्ट सोडून खुर्चीवर बसा, मात्र पाठ खुर्चीला टेकू नका आणि दोन्ही तळवे जमिनीवर सपाट ठेवा. गुडघ्याच्या सांध्याच्या आत टोचणारे दुखणे आणि मांडीत जाणवणारा ताण यांत फरक आहे. ताण काही क्षणांनी सैलावतो, सांध्यातले दुखणे वाढत जाते, आणि ते वाढू लागले की उठावे.

माझ्या धुळ्याच्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक निवृत्त पोस्टमन काका येत. आयुष्यभर सायकल मारल्याने त्यांच्या मांड्या इतक्या घट्ट होत्या की जमिनीवर बसले की गुडघे छातीशी येत. पहिला आठवडा ते सगळ्यांसारखेच बसण्याचा आग्रह धरत आणि दर मिनिटाला पाय बदलत. मग त्यांना भिंतीजवळच्या लाकडी स्टुलावर बसवले. तिसऱ्या दिवशी ते पाच मिनिटे न हलता बसले आणि उठताना म्हणाले, आज मला माझा श्वास ऐकू आला. त्यांच्यासाठी ते स्टूलच आसन होते, आणि त्यांचा प्राणायाम त्या दिवसापासून सुरू झाला.

कारण योगसूत्रांत प्राणायामाची व्याख्या ज्या शब्दांनी सुरू होते ते आहेत ‘तस्मिन् सति’, म्हणजे ते झाले असता, आसन स्थिर झाले असता. पाठ मोडून, पाय बदलत बसलेल्या माणसाने श्वासाशी खेळायला सुरुवात करू नये, हे या दोन शब्दांत आले. आणि याला शरीरातही कारण आहे. फुफ्फुसांखालचा श्वासपटल हा स्नायू श्वास घेताना खाली सरकतो आणि पोटातल्या अवयवांना जागा द्यावी लागते. पोक काढून बसले की ती जागाच उरत नाही, मग श्वास छातीच्या वरच्या भागात, खांदे उचलून घ्यावा लागतो, आणि असा श्वास थोडा आणि घाईचा होतो.

‘प्राणायाम’ हा शब्द कोणी प्राण अधिक यम असा फोडतात, पण मधला दीर्घ ‘णा’ आणि त्यापुढचा ‘या’ सांगतात की पुढचा शब्द ‘आयाम’ आहे. हाच आयाम ‘व्यायाम’ या शब्दात आहे. आयाम म्हणजे लांबवणे, पसरवणे, आणि आवरून धरणे हा अर्थही त्यात आहे, कारण तो संयम आणि नियम या शब्दांच्या ‘यम्’ धातूपासूनच आला आहे. प्राण म्हणजे जुन्या विचारात शरीर चालवणारी शक्ती, आणि श्वास हे तिचे हाताशी येणारे रूप. तेव्हा तुमच्यासारख्या नवशिक्या व्यक्तीने पहिल्या महिन्यात प्राणायामाचा अर्थ असा धरावा : सुखाने बसून, श्वास हळूहळू लांब आणि सूक्ष्म करत जाणे. ‘दीर्घसूक्ष्म’ हा शब्द सूत्रांतलाच आहे. पुढे श्वास थांबवण्याचाही भाग येतो, सूत्रकारांनी श्वासाची गती थांबण्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. पण तो पुढचा टप्पा आहे, आणि रक्तदाबाची गोळी चालू असताना डॉक्टरांना आणि अनुभवी शिक्षकांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

तुमच्या कानावरून गेलेले तीन शब्द इथे बसतात. पूरक म्हणजे भरणारा, श्वास आत घेणे. रेचक म्हणजे रिकामा करणारा, श्वास बाहेर सोडणे. पोट साफ करणाऱ्या औषधाला आपण रेचक म्हणतो तोच हा शब्द. कुंभक म्हणजे कुंभासारखा, भरलेल्या घागरीत पाणी निश्चल राहते तसा श्वास थांबवून ठेवणे. वर्गात सर ‘पूरक’ म्हणाले की श्वास घ्यायचा, ‘रेचक’ म्हणाले की सोडायचा, आणि ‘कुंभक’ म्हणाले की तुम्ही सध्या शांतपणे नेहमीचा श्वास चालू ठेवायचा. सगळे थांबले म्हणून आपणही थांबलेच पाहिजे असे नाही.

आता त्या साठ स्ट्रोकांविषयी. कपालभाती हठप्रदीपिकेत प्राणायामांमध्ये नाही. तिथे ती धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या पंक्तीला, शुद्धीच्या सहा क्रियांमध्ये आहे. आणि त्याच ठिकाणी असे म्हटले आहे की मेद आणि कफ जास्त असलेल्याने या क्रिया आधी कराव्यात, इतरांना त्यांची आवश्यकता नाही. आजकालच्या अनेक वर्गांत ती प्राणायामाच्या तासात, प्राणायाम या नावाखालीच घेतली जाते, त्यामुळे तुमच्या सरांनी तसे म्हटले याचे मला नवल वाटत नाही. पण तुम्ही प्राणायाम कोणता आणि क्रिया कोणती हे ओळखू शकलात, तर कशाला ‘आत्ता नको’ म्हणायचे ते कळेल.

डोके हलके होणे आणि बोटांना मुंग्या येणे याला तुमच्या शेजारच्या ताईंनी प्रेमाने जो अर्थ दिला, तो मात्र सोडून द्या. कपालभातीत फक्त श्वास सोडण्याला झटका द्यायचा असतो, घेणे आपोआप होते. नवशिका दोन्हीकडे जोर लावतो, खांदे वरखाली होतात आणि शरीराला लागत नसताना श्वास जलद आणि खोल चालू राहतो. अशा वेळी रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि डोके हलके होते. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येणे हे त्याच घडामोडीचे लक्षण आहे. थांबून नेहमीसारखा श्वास घेतला की काही मिनिटांत ते जाते. तसे ते गेले नसेल, किंवा छातीत दुखले, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आधी डॉक्टरांकडे जावे. शिवाय रक्तदाबाच्या गोळीमुळेही एकदम उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून या आठवड्यात रक्तदाब एकदा मोजून घ्या आणि गोळी मात्र स्वतःच्या मनाने कमी किंवा बंद करू नका. रक्तदाब, हर्निया, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया, फेफरे किंवा गरोदरपण असताना वेगाची कपालभाती आणि भात्यासारखा जोराने श्वास घेण्या-सोडण्याची भस्त्रिका टाळाव्यात असे जाणते शिक्षक सांगतात, आणि तुमचे नाव त्या यादीत पहिल्याच शब्दाला येते. डोके खाली आणि पाय वर असलेली आसनेही तुम्ही सध्या करू नयेत.

मग तुम्ही करायचे काय, तर इतकेच. घडीवर किंवा खुर्चीवर बसा. पहिली दोन मिनिटे श्वासात काहीही बदल न करता फक्त पाहा, एक हात नाभीवर ठेवलात तर सोपे जाते. श्वास घेताना हात बाहेर सरकतो की आत ओढला जातो हे बघा. बाहेर सरकला तर ठीक आहे. आत ओढला जात असेल, तर पोटाचा नाडा, पट्टा किंवा साडीची गाठ सैल करा आणि पुन्हा पाहा. नंतर मनात तीन मोजत श्वास घ्या आणि तीन मोजत सोडा, नाकानेच. पाच-सहा दिवस हेच. ते अंगवळणी पडले की घेणे तीनवरच ठेवून सोडणे चारवर, मग पाचवर न्या, आणि काही आठवड्यांनी चार मोजून घेणे आणि सहा मोजून सोडणे इथपर्यंत या. एक अंक साधारण एक सेकंदाचा धरला तर हा एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणे लांबवल्यावर मन निवल्यासारखे वाटते, हा काही भास नव्हे.

आपण अंक वाढवण्याची घाई केली का, हे ओळखण्याची एक खूण आहे आणि ती पोस्टमन काकांनाही मी याच शब्दांत सांगितली होती. श्वास सोडून संपल्यावर पुढचा श्वास कसा येतो ते पाहा. तो आपोआप, शांतपणे आत आला तर अंक बरोबर आहे. तो धापेसारखा, झटक्याने ओढला गेला, किंवा तोंड उघडावेसे वाटले, तर अंक एकाने कमी करा. काकांना सहा मोजून श्वास सोडायचा होता, कारण शेजारचा तरुण सहा मोजत होता. त्यांचा पुढचा श्वास दर वेळी धापेने येई. चारवर आणल्यावर धाप थांबली, आणि सहावर पोहोचायला त्यांना जवळजवळ दोन महिने लागले. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकालाच इजा करतो, असे हठप्रदीपिका म्हणते, आणि अयोग्य अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळे दुखणे होते असेही त्याच प्रकरणात सांगते. ज्यांनी हा मार्ग आखला त्यांनीच त्याचे धोके असे सांगून ठेवले आहेत, तेव्हा सावध राहणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे.

तुम्ही विचारलेत की नुसते चालणे बरे का. चालणे सोडू नका, हृदयाला ते हवेच, आणि खान्देशात एप्रिल-मेच्या उन्हाचा विचार करता पहाटेच चाला. पण चालण्याने खुबे मोकळे होत नाहीत आणि श्वास लांबवण्याची सवयही लागत नाही, म्हणून दोन्ही आपापल्या जागी राहू द्या. घरी मोबाइलवर व्हिडिओ पाहून करण्याचा तिसरा पर्याय असतो; श्वास आणि गुडघा या दोन्ही गोष्टींत तुम्हाला चुकताना पाहणारे कोणीतरी हवे, म्हणून पहिले दोन महिने मी त्याला विरोध करेन. जेवणाचेही लक्षात ठेवा : दादरची भाकरी आणि भरीत खाऊन तीन-चार तास तरी गेलेले असावेत, सकाळी असेल तर उपाशीपोटी, थोडे पाणी चालेल. गोळी नेहमीच्या वेळी घ्या.

एक गोष्ट तुमच्या भागाशी जोडलेली आहे म्हणून सांगते. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी अमळनेरच्या शिक्षणसंस्थेत शिकवत होते. आसन-प्राणायामाने शरीरात नेमके काय होते हे मोजून, यंत्रांनी तपासून पाहण्याची वाट त्यांनी घातली. ‘हे असे का होते’ हा प्रश्न विचारणे योगाच्या वर्गात उद्धटपणा ठरत नाही, आणि खान्देशातल्या माणसाने तर तो बेधडक विचारावा.

गुरुवारी वर्ग सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे आधी जा आणि सरांना बाजूला घेऊन सांगा : «सर, मला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि सोमवारी कपालभातीनंतर डोके हलके झाले, बोटांना मुंग्या आल्या. मी सध्या घडीवर किंवा खुर्चीवर बसून फक्त लांब श्वासाचा अभ्यास करते, कुंभक आणि वेगाच्या क्रिया करत नाही, चालेल ना?» चांगले शिक्षक लगेच हो म्हणतील, गुडघ्यांविषयीही विचारतील, आणि कदाचित घडी आणखी उंच करून देतील. जे ‘सगळे करतात, तुम्हीही करा, सवय होईल’ एवढेच म्हणतील, त्यांच्या वर्गात पैसे भरलेले असले तरी थांबू नका. चाळीसगावात दुसरा वर्ग शोधा आणि तिथेही पहिल्याच दिवशी हेच वाक्य सांगा. जाताना सतरंजी विसरू नका.